आईला फोनचा बॅलन्स बघायला आणि रिचार्ज करायला शिकवणारा मेसेज: काय लिहावं, काय गाळावं?

अपर्णा_नौपाडा

आई ७४ वर्षांची, नौपाड्यात एकटी राहते. अँड्रॉइड फोन, त्यात दोन सिम. पहिलं जिओ, बोलणं आणि नेट त्यावर. दुसरं व्हीआय, साताऱ्याला असताना घेतलेलं, बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. रिचार्ज आजवर मी इथून करत होते, आता तिला स्वतः करायचा आहे. व्हॉट्सअॅप मराठीत वाचते, फोनपेवरून भाजीवाल्याला पैसे देते, म्हणजे अगदीच नवखी नाही.

मी हा मेसेज पाठवला होता:

"आई, बॅलन्स बघायला *123# किंवा *199# किंवा 1299 डायल कर. बॅलन्स संपला असेल तर अॅपमध्ये जाऊन रिचार्जवर दाब, नंबर टाक, चांगला प्लॅन निवड आणि पैसे भर."

तिने तीनही लावून बघितले. एकदा चूक असल्याची पाटी आली, एकदा मेनू आला, एकदा रिंग वाजून कट झाला. तिला वाटलं फोनच बिघडला. मेसेज नीट लिहायला मदत कराल का?

तलावपाळी

तीन कोड तीन वेगळ्या कंपन्यांचे आहेत ना. *123# एअरटेलचा, *199# व्हीआयचा, 1299 जिओचा. आईंकडे एअरटेल नाहीच, तो काढून टाका. आणि रिंग वाजून कट झाला ना, तो बरोबर लागला होता! 1299 आपोआपच कट होतो आणि मग एसएमएस येतो. त्यांनी एसएमएसची पेटी उघडून बघितली का?

अपर्णा_नौपाडा

नाही बघितली. आत्ता फोन करून बघायला लावलं, मेसेज आलेला आहे. कट झाल्यावर एसएमएस येतो हे मीच लिहिलं नव्हतं.

सानपाडा_सुनीता

आमच्याकडे सासूबाईंना मी असं लिहून दिलंय: फोनपे उघडा, 'Check Balance' वर दाबा, बँक निवडा, पिन टाका, बॅलन्स दिसतो. दोन मिनिटांचं काम आहे, कोडबिड काही लागत नाही.

पारसिक

सुनीताताई, तो बँकेच्या खात्यातला बॅलन्स. इथे फोनच्या पॅकचं चाललंय. पण तुमच्या उत्तराने एक चांगली गोष्ट लक्षात आली. "बॅलन्स बघ" एवढंच लिहिलं तर फोनपे वापरणारी आई नेमकी त्याच बटणावर जाईल, पिन टाकेल, खात्यातले हजारो रुपये बघेल आणि म्हणेल की बॅलन्स तर भरपूर आहे. तेव्हा फोनचा पॅक बघायला कधीच पिन लागत नाही, हे वाक्य मेसेजमध्ये असायलाच हवं.

त्याहून महत्त्वाचं, 'बॅलन्स' हा शब्दच इथे फसवतो. पूर्वी पन्नास रुपये टाकले की कॉलागणिक पैसे कमी व्हायचे, संपत आले की पुन्हा टाकायचे. तुमच्या आईंच्या डोक्यात तेच गणित असणार. आता अमर्याद कॉलचा पॅक घेतला की ते पैसे पॅकमध्येच जातात आणि मुख्य बॅलन्स शून्य दिसू शकतो. पॅक आणखी वीस दिवस चालणार असतो, पण माणूस शून्य बघून घाबरतो आणि पुन्हा रिचार्ज करतो. त्यांना रुपये बघायला सांगूच नका. तारीख बघायला सांगा. पॅक कुठल्या तारखेपर्यंत आहे, एवढाच प्रश्न.

अपर्णा_नौपाडा

अगदी हेच! गेल्या महिन्यात "माझ्याकडे शून्य रुपये आहेत" म्हणून दोनदा फोन आला होता आणि पॅक चालू होता.

घोडबंदर

दोन गोष्टी. एक, रिचार्ज करताना अॅप सर्कल, म्हणजे मोबाइल सेवेचा विभाग, विचारतं तिथे 'Mumbai' निवडायचं, कारण ठाणे मुंबई सर्कलमध्ये येतं. दोन, दुसऱ्या सिमला रिचार्जची गरजच नाही. त्यात २० रुपये पडून राहू द्या, सिम बंद होत नाही, दूरसंचार नियामक ट्रायचा नियम आहे.

पारसिक

दोन्ही अर्धं बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात आईंची अडचण होईल.

सर्कल. ठाणे, नवी मुंबई, कल्याण हे मुंबई सर्कलमध्ये येतात हे खरं. पण सर्कल राहत्या घराचं नसतं, सिमचं असतं. आईंचं व्हीआय साताऱ्याचं आहे, ते नौपाड्यात आलं तरी 'Maharashtra & Goa' मध्येच राहतं. तिथे 'Mumbai' केलं तर भलत्याच सर्कलचे पॅक समोर येतात आणि रिचार्ज अडकू शकतो. अॅप नंबरावरून कंपनी आणि सर्कल स्वतःच ओळखतं, बहुतेक वेळा बरोबर. नंबर पोर्ट केलेला असेल तर मात्र कधी जुनी कंपनी दाखवतं. म्हणून आईंना "सर्कल निवड" असं सांगू नका. "वर Jio लिहिलंय ना, एवढं बघ" असं सांगा. जिओचं सिम कुठे घेतलं होतं?

अपर्णा_नौपाडा

जिओ इथलंच, गोखले रोडवर घेतलं. म्हणजे मुंबई.

पारसिक

मग अॅप 'Jio' आणि 'Mumbai' दाखवेल, त्याला हातच लावायचा नाही.

आता वीस रुपयांचं. २०१३ पासूनचा नियम असा आहे की प्रीपेड नंबर सलग ९० दिवस वापरला नाही म्हणून कंपनी बंद करू शकते, पण खात्यात २० रुपये किंवा जास्त असतील तर तेवढ्या कारणाने तो काढून घेता येत नाही. म्हणजे नंबर तुमच्या नावावर राहतो. त्यावर सेवा चालू राहील असं तो नियम म्हणत नाही. पॅकची मुदत संपली की आधी बाहेर जाणारे कॉल बंद होतात, नंतर येणारे कॉल आणि एसएमएसही थांबू शकतात. या सिमवर बँकेचे ओटीपी येतात, आणि फोनपेची नोंदणीही त्याच नंबरावर असणार, कारण बँकेत तोच दिलाय. फोन बदलला किंवा अॅप काढून पुन्हा टाकलं तर त्याच सिमवरून एसएमएस जावा लागतो. रोज वापरलं जात नाही म्हणून हे सिम दुय्यम वाटतं, पण ते मेलं तर जिओचा रिचार्जही अडतो.

घोडबंदर

नंबर राहतो आणि सेवा राहत नाही, हा फरक माहीत नव्हता. आमच्याही घरी एक असंच सिम वीस रुपयांवर ठेवलंय, आज तपासतो.

तलावपाळी

व्हीआयचं अपर्णाताईंनी स्वतःकडेच ठेवावं. दुसऱ्याच्या नंबरावर रिचार्ज कुठूनही करता येतो. आईंना एकच सिम, एकच कोड, एकच अॅप. दोन्ही एकदम शिकवू नका.

वाशीकर_दादा

माझ्या वडिलांकडे बटणांचा साधा फोन आहे, नेट नाही. त्यांनी काय करायचं? ते सेक्टर १७ मधल्या दुकानात जातात, पण एकदा दुकानदाराने नंबरातला एक आकडा चुकवला आणि पैसे भलत्याच माणसाला गेले.

पारसिक

दादा, चुकीच्या पण चालू नंबरावर गेलेला रिचार्ज सहसा परत मिळत नाही. कंपनीच्या दृष्टीने तो पूर्ण झालेला व्यवहार असतो. म्हणून नंबर तोंडी सांगायचाच नाही. एका चिठ्ठीवर कंपनी, दहा आकडे आणि पॅकचे दिवस मोठ्या अक्षरात लिहून द्या. दुकानदाराने नंबर टाकला की बटण दाबण्याआधी त्याच्या पडद्यावरचा नंबर चिठ्ठीशी जुळवायचा. आणि वडिलांच्या फोनवर एसएमएस वाजेपर्यंत दुकानातून हलायचं नाही. साध्या फोनसाठी यूपीआयची सोय २०२२ मध्ये आली आहे, फोन लावून आवाजाच्या सूचनांवर पैसे देता येतात, पण वयस्क माणसाला त्या सूचना ऐकत बटणं दाबणं जड जातं. तुमच्या वडिलांसाठी दुकानच बरं.

सानपाडा_सुनीता

आधी प्रश्न चुकीचा वाचला, माफ करा. आता नीट विचारते. "चांगला प्लॅन निवड" याच्या जागी काय लिहायचं? कारण सासूबाईंचं नेमकं तिथेच चुकतं. सगळ्यात स्वस्त दिसेल तो घेतात.

पारसिक

सगळ्यात जास्त गडबड तिथेच होते, म्हणून जरा सविस्तर.

अॅप पॅकची भली मोठी यादी दाखवतं. त्यात दोन जाती असतात. एक मूळ पॅक, ज्याने सिम ठरावीक दिवस चालू राहतं. दुसरा नुसता जादा डेटा, एकोणीस-एकोणतीस रुपयांचे छोटे आकडे त्यात येतात. जादा डेटाला सिमची स्वतःची मुदत नसते. तो मूळ पॅक चालू असेल तरच उपयोगी, त्याने कॉल सुरू होत नाहीत.

आता असं समजा की आईंचा पॅक रविवारी रात्री संपला. सोमवारी सकाळी कॉल लागत नाही. त्या फोनपे उघडतात, स्वस्त दिसणारा डेटाचा पॅक घेतात. पैसे कटतात, हिरवी टिक येते, "यशस्वी" लिहिलेलं दिसतं. तरीही कॉल लागत नाही. आता त्यांना वाटतं रिचार्ज पोचला नाही, म्हणून तोच पुन्हा करतात. दोन्ही वेळा पैसे बरोबर गेले, रिचार्जही झाला, फक्त जात चुकली. हे ओळखायचं पॅकच्या मुदतीवरून. मूळ पॅकसमोर '28 days' किंवा '84 days' असा आकडा असतो. डेटाच्या पॅकसमोर बहुधा थोडेच दिवस असतात, नाहीतर आत्ताच्या पॅकइतकीच मुदत असं लिहिलेलं असतं.

म्हणून मेसेजमध्ये प्लॅनचं नाव नको, "चांगला" तर नकोच. रुपये आणि दिवस, दोन्ही जुळले पाहिजेत. अपर्णाताई, आत्ता कुठला चालू आहे?

अपर्णा_नौपाडा

२९९ चा, २८ दिवसांचा.

पारसिक

मग "२९९ आणि 28 days" असं लिहा. किंमत बदलली तर तो आकडा यादीत सापडणार नाही. अशा वेळी त्यांनी दुसरा न निवडता तुम्हाला फोन करावा, हेही लिहा.

उपवन

२८ दिवसांचा कशाला? महिना समजून बसतात आणि दोन-तीन दिवस आधीच पॅक संपतो. वर्षाला बाराच्या जागी तेरा रिचार्ज होतात. लांब मुदतीचा घ्या, वर्षातून चार-पाच वेळाच त्रास. शिवाय २०२५ पासून फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅकही आलेत, ८४ दिवसांचे आणि वर्षाचे. घरी वायफाय असेल तर तेवढं पुरे.

तलावपाळी

भाजीवाल्याला फोनपे करतात म्हणाल्या ना. बाजारात वायफाय कुठून येणार? कॉलचा पॅक घेतला तर जांभळी नाक्यावर उभ्या राहून पैसे जायचे नाहीत.

अपर्णा_नौपाडा

घरी वायफाय आहे, पण हो, बाहेर नेट लागतंच. लांब मुदतीचं खरं तर पटतंय. पण तीन महिन्यांतून एकदा करायचं म्हटलं तर ती पायऱ्या विसरून जाईल. दर महिन्याला केलं तर हात बसेल असं वाटतं.

उपवन

किंवा ऑटोपे लावा, काहीच लक्षात ठेवायला नको.

पारसिक

ऑटोपे चालतं, पण पॅकची किंमत बदलली किंवा तो पॅकच बंद झाला तर ते गपचूप अडकतं. आईंना फोन बंद पडल्यावरच कळतं. आणि अपर्णाताई म्हणतात तसं, आईंनाच करायचं आहे. मी पहिले तीन महिने २८ दिवसांचाच ठेवीन, नंतर लांबचा. यावर तुमचं मत वेगळं असू शकतं.

वायफायचा आणखी एक उपयोग. पॅक संपला की मोबाइलचं नेटही जातं, मग बाजारात उभं राहून अॅपमधून रिचार्ज करता येत नाही. घरी येऊन वायफायवर मात्र होतो. म्हणून तारखेच्या दोन दिवस आधी करायची सवय बरी. जिओत आधी केलेला रिचार्ज वाया जात नाही, रांगेत थांबतो आणि जुना पॅक संपला की सुरू होतो.

अपर्णा_नौपाडा

सगळं धरून पुन्हा लिहिलं. दोन मेसेज वेगळे केलेत, दोन दिवसांनी दुसरा पाठवेन.

पहिला:

"आई, फोनचा पॅक कधी संपतो ते बघायला:
१. हिरवं फोनचं चित्र दाब. नावांमध्ये 'अ पॅक बघणे' शोध. (मी तिथे 1299 साठवून ठेवलाय.)
२. त्यावर दाब. दोन सिम विचारले तर Jio वर दाब.
३. रिंग वाजेल आणि फोन आपोआप बंद होईल. हे बरोबर आहे. पुन्हा लावू नकोस.
४. पाच मिनिटं थांब. मग निळं मेसेजचं चित्र उघड (व्हॉट्सअॅप नाही). सगळ्यात वरचा मेसेज वाच.
५. त्यातली तारीख कॅलेंडरवर लिहून ठेव. रुपये शून्य दिसले तरी काळजी नाही.
यात कुठेही पिन लागत नाही. पिन मागितला तर तू चुकीच्या जागी आहेस, मागे ये."

दुसरा:

"आई, तारखेच्या दोन दिवस आधी, घरात बसून रिचार्ज करायचा:
१. फोनपे उघड. 'Mobile Recharge' वर दाब.
२. नावांमधून 'माझा जिओ' निवड. नंबर हाताने टाकू नकोस.
३. वर Jio लिहिलंय ना बघ. नसेल तर थांब आणि मला फोन कर.
४. यादीत ₹299 आणि 28 days दोन्ही एकत्र असलेला शोध. तो नाही सापडला तर दुसरा घेऊ नकोस, मला फोन कर.
५. पैसे भरायचं बटण दाब. भाजीवाल्याला देताना टाकतेस तोच पिन. दोन-तीन रुपये जास्त दिसले तर ती अॅपची फी आहे, चालेल.
६. हिरवी टिक आली की झालं. मग 'अ पॅक बघणे' करून नवीन मेसेज आला का बघ."

तलावपाळी

खूपच छान झालंय. 'अ' लावून नाव सगळ्यात वर आणलंत ते आवडलं. एक सुचवते. फोनवरचे आकडे इंग्रजीत असतात, तेव्हा कोड आणि रक्कम इंग्रजी आकड्यांतच ठेवा, जसं केलंय तसं. ₹२९९ लिहिलं असतं तर ते यादीतल्या 299 शी जुळवायला त्यांना वेळ लागला असता. आणि त्यांच्या फोनपेची भाषा मराठी आहे की इंग्रजी, ते एकदा बघा. मराठी असेल तर 'Mobile Recharge' त्यांना दिसणारच नाही. पडद्यावर जे अक्षर दिसतं तेच मेसेजमध्ये हवं.

अपर्णा_नौपाडा

इंग्रजी आहे. मीच केली होती, आता तशीच ठेवते.

पारसिक

हिरवी टिक आली नाही तर काय, ते राहिलं. कधी पिवळं येतं, 'Pending'. खात्यातून पैसे गेलेले असतात आणि रिचार्ज झालेला नसतो. तेव्हा पुन्हा भरायचं नाही, एवढंच वाक्य घाला. त्यातले बरेच व्यवहार थोड्या वेळात पूर्ण होतात. रिचार्ज झालाच नाही तर पैसे आपोआप परत येतात, त्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये व्यवहारानंतर पाच दिवसांची मुदत ठरवली आहे. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. हे आईंना नको, तुम्हाला माहीत असू द्या. फोनपेच्या 'History' मधला व्यवहार क्रमांक जपून ठेवा, तक्रारीला तोच लागतो.

आणखी एक, आता त्या कोड लावायला शिकतायत म्हणून. फोन करून "तुमचं सिम आज बंद होणार, हा कोड लावा" असं सांगणारे असतात. त्यातला *401* ने सुरू होणारा कोड तुमचे कॉल त्यांच्या नंबरावर वळवायचा. २०२४ च्या एप्रिलपासून कोड लावून कॉल वळवण्याची ती सोय बंद करायला सरकारने कंपन्यांना सांगितलं, पण फोन करणारे थांबलेले नाहीत. लिहून ठेवा: नावांमध्ये साठवलेला सोडून दुसरा कोणताही कोड लावायचा नाही, कुणीही सांगितला तरी.

अपर्णा_नौपाडा

दोन्ही घातलं:

"७. पिवळं किंवा Pending दिसलं तर पुन्हा पैसे भरू नकोस. मला फोटो पाठव.
८. फोनवरून कुणी कोड लावायला सांगितला तर फोन ठेवून दे."

वाशीकर_दादा

चिठ्ठीचं पटलं, करतो. पण एक राहिलं. बाबांच्या साध्या फोनवर रिचार्जचा एसएमएस येतो तो इंग्रजीत असतो, त्यांना वाचता येत नाही. तारीख कशी कळणार?

तलावपाळी

दादा, दुकानदाराकडूनच चिठ्ठीच्या मागे संपायची तारीख लिहून घ्यायला सांगा. दुकानातून निघायच्या आधीच.

सानपाडा_सुनीता

अपर्णाताई, तुमचा पहिला मेसेज मी 'अहो आई, तुम्ही' करून सासूबाईंना पाठवू का? त्यांचं एअरटेल आहे, म्हणजे 1299 च्या जागी *123# साठवते.

पारसिक

साठवा, पण तिसरी-चौथी पायरी बदला. *123# ला रिंग वाजत नाही आणि एसएमएसची वाट बघायची नसते. पडद्यावरच पाटी येते आणि 'OK' दाबलं की जाते. ती वाचून होईपर्यंत काही दाबू नका असं लिहा. शेवटचा # राहिला किंवा दुसऱ्या सिमवरून लावला तर चूक असल्याची पाटी येते, फोन बिघडलेला नसतो. आणि काही फोनवर साठवलेला कोड नावावर दाबून लागत नाही, तेव्हा आधी तुम्ही स्वतः एकदा त्यांच्याच फोनवर लावून बघा.

अपर्णा_नौपाडा

पाठवा की. माझा पहिला मेसेज आत्ता गेला. आईचं उत्तर आलंय: "तारीख मिळाली, १९. कॅलेंडरवर लिहिली. व्हीआयची कशी बघू?"